पोटातला राखणदार

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. जूनपासून शाळेच्या दिवशी उठल्याउठल्या बेंबीपाशी दुखतं म्हणतो. कधी रडतो, कधी दोनदा शौचाला जातो. घरी ठेवलं तर दहा वाजता ठणठणीत. सुट्टीच्या दिवशी काही नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी-शौच सगळं नीट. सोनोग्राफीत फक्त गाठी थोड्या मोठ्या दिसल्या, त्या चालतात म्हणाले. मी खाण्यातले चार पदार्थ बंद करून पाहिले, फरक नाही. डॉक्टर म्हणतात काळजीमुळे होतंय. नवरा म्हणतो नाटक आहे, सासूबाई म्हणतात लेकराला छळू नका, आणि सकाळी यावरून रोज वाद. विचारलं तर तो "माहीत नाही" एवढंच म्हणतो. त्याला रात्री गोष्ट आवडते. एखादी गोष्ट सांगून हे त्याच्या गळी उतरवता येईल का? मी सांगायला गेले की तिचा उपदेश होतो.

— एक आई

उत्तर:

तुमच्या घरातल्या वादाला दोनच बाजू आहेत: एक तर पोट बिघडलंय, नाहीतर मुलगा खोटं बोलतोय. यातली एकही खरी नसावी. त्याला खरंच दुखतंय आणि पोटात बिघाडही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे घरातल्या मोठ्यांना पटलं नाही, तर गोष्ट कितीही छान जमली तरी तिचा उपयोग होणार नाही. म्हणून थोडं पोटाबद्दल आधी.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं. त्याचं मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. मेंदूला धोका वाटला की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, म्हणून मळमळतं. मोठं आतडं मात्र जोरात आवळायला लागतं, म्हणून मुरडा येतो आणि शौचाला पळावं लागतं. तुमच्या मुलाचं दोनदा जाणं त्यातलंच असावं. शिवाय असं महिनोन्‌महिने झालं की आतड्याच्या संवेदना तीव्र होतात. शेजारच्या मुलाला कळणारही नाही एवढ्याशा वायूने याला कळ येते. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, ही तीव्रता दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'दुखत नाही' असा होत नाही. मराठीला हे पूर्वीपासून माहीत आहे. भीतीने आपल्याकडे डोक्यात गोळा येत नाही, पोटात येतो.

दहा वाजता तो बरा होतो, हा तुमच्या यजमानांचा मुख्य पुरावा असणार. पण धोका टळला की शरीर सैल पडतंच. मोठ्यांचेही मुलाखतीआधी घामाने चिंब झालेले तळवे नंतर अर्ध्या तासात कोरडे होतात. त्यांनी घामाचं नाटक केलं होतं असं कुणी म्हणत नाही.

हे दुखणं दुर्मीळही नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 1958 मध्ये एका सहकाऱ्यासोबत हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण दहातल्या एका मुलाला असं पुन्हापुन्हा पोट दुखत होतं. त्याचा एक ठोकताळा डॉक्टर अजून वापरतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त. हा ठोकताळाच आहे, नियम नव्हे. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं किंवा उंची खुंटणं, शौचातून रक्त, हिरवी किंवा वारंवार उलटी, पुन्हापुन्हा ताप, सांधे सुजणं, गिळायला त्रास, किंवा दुखणं उजवीकडे खाली सरकणं, यातलं काहीही दिसलं तर काळजीबिळजी विसरून पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. सोनोग्राफीतल्या त्या किंचित मोठ्या लसिकागाठी मात्र काहीही दुखत नसलेल्या मुलांतही सर्रास सापडतात. त्यांच्यामागे लागू नका.

पदार्थ बंद करण्याबद्दलही एक सांगतो. खाणं दोषी असतं तर तोच पदार्थ सुट्टीच्या दिवशीही दुखवायला हवा होता, आणि इथे तर नाश्त्याच्या आधीच दुखतंय. चार पदार्थ काढून फरक पडला नाही, पण मुलाने त्यातून एक धडा नक्की घेतला असेल: माझ्या पोटात काहीतरी मोठं बिघडलंय आणि आईलाही ते सापडत नाहीये. म्हणजे काळजीत आणखी भर. डॉक्टरांना विचारून ते पदार्थ परत सुरू करा. फक्त बद्धकोष्ठ नाही ना, एवढं बघा. शाळेतलं शौचालय टाळणारी मुलं शौच दाबून ठेवतात, आणि तेही दुखणं बेंबीपाशीच जाणवू शकतं. नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं, पायाखाली पाट ठेवून, घाई न करता बसवा. त्यासाठी सगळं घर वीस मिनिटं आधी उठवावं लागेल. ही घाई कमी झाली तरी काही मुलांची सकाळ बरीच निवळते.

आता गोष्ट. तुम्हाला ती त्याच्या गळी उतरवायची आहे. माझं म्हणणं जरा वेगळं आहे: गोष्टीने त्याला काही सांगू नका, विचारा. आठ वर्षांच्या मुलाचं "माहीत नाही" हे बहुतेक वेळा खरं असतं. 'मला चिंता वाटते' हे वाक्य त्याच्यापाशी नाही, कळ मात्र आहे. स्वतःबद्दल जे सांगता येत नाही ते गोष्टीतल्या मुलाबद्दल सहज सांगता येतं. म्हणून ही गोष्ट दोन भागांत करायची, आणि पहिल्या भागाचा शेवट उघडा ठेवायचा.

उपदेश होतो तो साधारण तीन ठिकाणी. गोष्टीतल्या मुलाचं दुखणं 'खोटं होतं' असं निघतं, तेव्हा. शेवटी आई किंवा बाई त्याला समजावतात, तेव्हा. आणि शेवटच्या ओळीत दुखणं कायमचं पळून जातं, तेव्हा. यातली तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. कारण दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्याचं पोट दुखणारच असतं, आणि मग गोष्ट खोटी ठरते, किंवा त्याच्या मते तो स्वतः. नायकाला मुलाचं नाव देऊ नका, तिसरीतही घालू नका. एक वर्ष मोठा असला की मुलं त्याचं जास्त ऐकतात.

साधारण अशी गोष्ट:

निनाद चौथीत होता. त्याच्या पोटात एक राखणदार राहायचा. फार जुना आणि फार प्रामाणिक. त्याच्याकडे एक घंटा होती. धोका आला की तो घंटा वाजवायचा, आणि घंटा वाजली की निनादच्या पोटात गोळा यायचा. एकदा निनादच्या मागे कुत्रा लागला. घंटा वाजली आणि निनाद असा पळाला की एक चप्पल तिथेच राहिली. राखणदार जाम खूश झाला.

पण राखणदाराची एक अडचण होती. पोटात राहून त्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. निनाद मनात जे बोलेल तेवढंच त्याला ऐकू यायचं. निनाद मनात म्हणाला 'कुत्रा', की घंटा. निनाद मनात म्हणाला 'बाप रे, उद्या', तरी घंटा. खरा कुत्रा आणि मनातला कुत्रा यातला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

सोमवार उजाडला. निनादने डोळे उघडले. खोलीत कुत्रा नव्हता, साप नव्हता, काहीच नव्हतं. तरी घंटा सुरू झाली. टण टण टण टण. बेंबीपाशी हा एवढा गोळा. आईने विचारलं, "काल काय खाल्लंस?" निनादने आठवून पाहिलं. काल खाल्लं तेच परवा खाल्लं होतं, आणि परवा तर काही झालं नव्हतं.

त्याने पोटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काय रे, का वाजवतोयस?"

राखणदार म्हणाला, "मला काय विचारतोस? तूच आत्ता काहीतरी म्हणालास."

"मी? मी काय म्हणालो?"

इथे थांबा. "काय म्हणाला असेल रे तो?" एवढंच विचारायचं, तेही मुलाकडे टक लावून नाही. हाताने काहीतरी काम चालू असू दे. ही गोष्ट शनिवारी दुपारी सांगावी. रविवारी रात्री घंटा आधीच किणकिणत असते, आणि शाळेच्या सकाळी तर नकोच. तो "त्याला भूक लागली असेल" म्हणाला तर "असेल" म्हणा आणि सोडून द्या. "तुझंही असंच होतं ना?" हा प्रश्न तोंडावर आला तरी गिळा. त्या एका प्रश्नाने सगळा डाव उघडा पडतो. दोन-तीनदा सांगूनही काही निघालं नाही, तर निनादच्या सोमवारची एक चौकोनांची पट्टी दोघं मिळून काढा: उठणं, शाळेची वाट, प्रार्थना, एकेक तास, मधली सुट्टी, घरी परत. मग विचारा, "घंटा कुठे बारीक वाजत असेल, कुठे मोठ्याने?" मुलं एका चौकोनावर अचूक बोट ठेवतात.

ते बोट कुठे पडतं यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून दुसरा भाग आधी रचून ठेवू नका. मधल्या सुट्टीवर पडलं आणि कुणी मारतंय, पैसे किंवा डबा घेतंय असं कळलं, तर तिथे घंटा बरोबर वाजतेय. अशा वेळी मुलाला श्वास शिकवायचा नसतो, मोठ्यांनी शाळेत जाऊन ते थांबवायचं असतं. शौचालयावर पडलं तर कडी नसणं किंवा परवानगी मागायची लाज, असं काहीतरी साधं कारण निघतं. कधीकधी बोट शाळेच्या कुठल्याच चौकोनावर पडत नाही, घर सोडण्यावर पडतं. मी गेल्यावर घरी काय होईल, ही भीती असते. तुमच्याकडे सकाळी रोज वाद होतो म्हणालात, म्हणून ही शक्यता मुद्दाम सांगितली. आपल्या पोटावरून घर भांडतंय हे त्याला ऐकू जातंय.

समजा, बोट दुसऱ्या तासाच्या प्रकट वाचनावर पडलं. या वयात हे नेहमी सापडतं. मग दुसरा भाग असा पुढे जाईल:

निनादला आठवलं. तो मनात म्हणाला होता, 'आज वाचन. माझा नंबर येणार. मी अडखळणार. सगळे हसणार.'

"वाचन चावतं का?" राखणदाराने विचारलं.

"नाही."

"मग आधी सांगायचंस ना. करतो बंद. पण एकदम नाही व्हायची हं. दोर एकदा हातात धरला की माझी मूठ सुटायला वेळ लागतो."

निनादने नाकाने श्वास घेतला, पोट फुगवलं, आणि फुंकर घालावी तसा हळूहळू सोडला. टण टण टणची टण… टण… झाली. बंद नाही झाली. तसाच तो बूट घालून निघाला. वाटेत त्याने आईला सगळं सांगितलं, आणि आईने बाईंना. बाई म्हणाल्या, "तुला तीनच ओळी देते, आणि कुठल्या ते आदल्या दिवशीच सांगते." गुरुवारी निनाद वाचताना एकदा अडखळला. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. निनादने ओळ पुरी केली. घंटा मधल्या सुट्टीपर्यंत बारीक वाजत होती. मग ती कधी थांबली, ते निनादलाही कळलं नाही आणि राखणदारालाही.

गोष्टीत बाईंनी जे केलं ते तुम्हाला खरोखर करून घ्यावं लागेल. नुसत्या गोष्टीने वाचन सोपं होत नाही. वर्गशिक्षिकेला भेटून तीन गोष्टी ठरवा. वाचनाच्या ओळी आधी कळतील. वर्गात दुखलं तर दहा मिनिटं बाजूला बसून पुन्हा बाकावर. आणि ताप किंवा उलटी असल्याशिवाय घरी फोन नाही. वाचनातून कायमची सूट मात्र मागू नका. सूट मिळाली की पोट त्या दिवशी थांबतं आणि भीती वर्षभर टिकते. अडखळणं नेहमीचं असेल, अक्षरांची अदलाबदल होत असेल, वय वाढूनही तो एकेक अक्षर जुळवून वाचत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अशा मुलाला धीर नको असतो, वाचायला शिकवण्याची वेगळी पद्धत हवी असते.

गोष्टीतला श्वासही आधी शिकवून ठेवायला हवा. संध्याकाळी, काही दुखत नसताना, पाठीवर झोपवून बेंबीवर एखादं हलकं खेळणं ठेवा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घेताना खेळणं वर जायला हवं, सहा मोजेपर्यंत सोडताना खाली. पाच मिनिटं, रोज, निदान दोन आठवडे. खेळण्याऐवजी खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय. भराभर मोठे श्वास घेतले तर उलट चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. तेव्हा घेण्यावर भर नको, सोडण्यावर हवा. सराव न करता ऐन सकाळी "श्वास घे, श्वास घे" म्हटलं की मुलाला ती शिक्षा वाटते, आणि कळ गेली नाही तर आपणच हरलो असंही वाटतं. श्वासाने कळ जात नाही, निघता येईल एवढी बारीक होते. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

राहिली सकाळ. सासूबाईंची माया आणि यजमानांचा दरडावणीचा सूर, दोन्हींनी पोटाकडेच लक्ष जातं. लिन वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना भरपूर पाणी पाजून पोट तट्ट केलं आणि आईवडिलांना वेगवेगळं वागायला सांगितलं. दुखण्याची विचारपूस केली तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, आणि विषय बदलला तेव्हा निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना विषय बदलणं दुष्टपणाचं वाटलं होतं, आणि त्यांच्याच मुलांनी त्यानेच जास्त बरं वाटलं असं सांगितलं.

म्हणून "कसंय आता? अजून दुखतंय?" हे प्रश्न बंद. त्याने स्वतःहून सांगितलं तर एकदाच, त्याच्या डोळ्यांकडे बघून: "दुखतंय ना, कळलं मला. घंटा वाजतेय. चल, बूट कुठेत?" मग दुसरा विषय. घरातल्या तिघांनीही हेच वाक्य म्हणायचं. एकाचंही वेगळं पडलं की मुलगा त्याच्याकडे जाणार, तेही साहजिकच. घरी राहायचा नियम आधीच ठरवून टाका: 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, उलटी, जुलाब, नाहीतर वर सांगितलेल्या खुणांपैकी काही. आणि त्या दिवशी खरोखरच आजाऱ्याचा दिवस असू दे: अंथरूण, पुस्तक, पडदा बंद. दहाला बरा होऊन कार्टून बघत बसला तर घर फार गोड होतं.

वही ठेवायची तर तुम्ही ठेवा, त्याला न दाखवता. तारीख, किती वाजता, शौचाला किती वेळा गेला, त्या दिवशी शाळेत काय होतं. दोन आठवड्यांत आकृती दिसायला लागते. पहिल्या आठवड्यात तक्रारी वाढतीलही. जुना मार्ग बंद झालाय का, हे तो तपासून बघतो. इथेच बहुतेक घरं माघार घेतात, आणि जोरात रडलं की सुटका होते हे मुलाच्या ध्यानात राहतं. महिनाभर नीट करूनही शाळा बुडतच राहिली, किंवा तो खेळातूनही मन काढून घ्यायला लागला, झोप उडाली, तर मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी उपचारपद्धती या दुखण्याला चांगली लागू पडते.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी घंटा पुन्हा वाजेल. सगळं वाया गेलं असं समजू नका. सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी, हाताशी काहीतरी काम घेऊन, निनाद पाचवीत गेला तिथून गोष्ट पुढे सुरू करा. नव्या वर्गात राखणदाराला काय काय नवं ऐकू येतंय, ते तोच सांगेल.